ग्राहकांना काय सांगायचे?

संपादक महोदय,

‘माहिती फुटल्याचे कळवले की लोक उगाच घाबरतात’ हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे मला पटत नाही. माणसे घाबरतात ती अर्धवट कळल्यामुळे.

एअर इंडियाचे उदाहरण घ्या. तिच्या प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या ‘सीटा’ या कंपनीच्या प्रणालीवर २०२१ मध्ये हल्ला झाला आणि जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाधित झाली. एअर इंडियाच्या सूचनेत काळ स्पष्ट होता: ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१. काय गेले तेही होते: नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्ट, तिकीट आणि क्रेडिट कार्डाचा तपशील. कार्डामागचा सीव्हीव्ही सीटाकडे नव्हताच, हेही लिहिले होते. महाड-पोलादपूरहून आखातात गेलेल्या कुटुंबाला एवढ्यावरून ठरवता येते, की आपण त्या काळात तिकीट काढले होते का.

उणीव वेळेची आणि उपायांची. सीटाने फेब्रुवारीअखेर कळवले, प्रवाशांची ओळख एप्रिलपर्यंत पटली, सविस्तर सूचना मे महिन्यात आली. सल्ला मुख्यतः पासवर्ड बदलण्याचा होता. पण पासपोर्ट क्रमांक पासवर्डसारखा बदलता येत नाही. म्हणून अशा सूचनेत ठळक लिहायला हवे: फोनवरच्या माणसाने तुमचा पासपोर्ट किंवा तिकीट क्रमांक अचूक सांगितला, तरी तो कंपनीचाच आहे असे समजू नका; ओटीपी देऊ नका; कार्ड बँकेकडून बदलून घ्या; पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आपला,
एक वाचक, महाड