‘पाठ छान झाला’, एवढ्यावर सही नको

आपल्याकडे बी.एड. करताना प्रत्येकाने पाठ निरीक्षणाचा कागद भरलेला असतो. प्रस्तावना, फलकलेखन, आवाज, विषयावरील प्रभुत्व. प्रत्येक रकान्यात ‘चांगले’ किंवा ‘समाधानकारक’ आणि खाली सही. नोकरी लागल्यावरही ही सवय सुटत नाही. सहकाऱ्याच्या वर्गात बसायची वेळ आली की आपण लिहितो, ‘पाठ छान झाला, विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा.’ हे वाक्य वर्गात पाऊल न टाकताही लिहिता येते. माझी हरकत नेमकी यालाच आहे.

नांदेड-लातूरकडच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतला एक तास उदाहरणासाठी रचून पाहू. पाचवीचा वर्ग, विषय मराठी, धडा लिंगाचा. आपा शिकवत आहेत आणि दुसरे एक शिक्षक मागच्या बाकावर वही घेऊन बसले आहेत. एक मुलगा म्हणतो, ‘ही माझी पुस्तक.’ वर्ग हसतो. आपा त्याला चूक म्हणत नाहीत. विचारतात, ‘घरात काय म्हणतोस?’ तो म्हणतो, ‘मेरी किताब.’ आपा सांगतात, ‘म्हणून तू माझी म्हणालास. उर्दूत दोनच लिंगं, मराठीत तिसरंही आहे. ते पुस्तक, माझं पुस्तक.’ मग फळ्यावर तीन रकाने आखतात: तो, ती, ते.

या प्रसंगावर ‘मुलांना प्रेमाने समजावले’ असा शेरा मारणे म्हणजे आपांचे कसब वाया घालवणे होय. मुलाची चूक कुठून आली हे त्यांनी ओळखले, त्याच्याच तोंडून वदवून घेतले आणि नियम सांगितला. अहवालात हे सगळे, मुलाच्या आणि आपांच्या शब्दांसह, वेळ टाकून लिहावे. वर्गात आपण कितीतरी गोष्टी सहज करून जातो. त्यातली कोणती उपयोगी पडली हे दुसऱ्याने दाखवले, तर ती पुढच्या वेळी जाणीवपूर्वक करता येते. कौतुकालाही पुरावा लागतो, नाहीतर शिक्षकाला ते गोड बोलणे वाटते.

आता दुसरी बाजू. निरीक्षकाने तासभर रेघा मारून मोजले. आपांनी 20 प्रश्न विचारले. 12 उत्तरे पहिल्या दोन बाकांवरून आली, 2 मागून आणि 6 प्रश्नांची उत्तरे आपांनी स्वतःच दिली. इथे बहुतेक जण लिहितात, ‘मागच्या मुलांकडे लक्ष नाही.’ हा निष्कर्ष झाला, तोही बोचणारा. आकडे तेवढेच सांगतात जेवढे मोजले; आपांचे लक्ष होते की नाही, हे त्यात येत नाही.

पण वहीत आणखी एक नोंद आहे. ‘घर’ कोणत्या रकान्यात, हे विचारून आपा खडू शोधायला वळल्या. चारपाच सेकंद कोणी काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरची, तोवर गप्प असलेली मुलगी म्हणाली, ‘ते. माझं घर.’ उर्दूत घर पुल्लिंगी, म्हणजे तिने विचार करूनच उत्तर दिले. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात हेच मोजले होते. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, गप्प मुलेही बोलू लागतात. दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला तर तेवढा वेळ हवाच.

म्हणून सूचना एकच आणि ती आपांच्याच तासातून काढलेली: ‘आपा, खडू शोधताना तुम्ही थांबलात तेव्हा मागून उत्तर आले. पुढच्या तासाला प्रश्न विचारून मनात तीन मोजाल का?’ फळ्यावरचे अक्षर, वेळेचे नियोजन, तक्ते यांबद्दलही लिहिता आले असते. पण सात सूचना दिल्या की एकही अमलात येत नाही.

या अहवालाच्या मर्यादाही आहेत. मागे कोणी बसले की वर्ग बदलतो. मुले ताठ बसतात, शिक्षक जास्त बोलतात. त्यामुळे एका तासावरून शिक्षकाची किंमत ठरत नाही. आणि हा कागद गोपनीय अहवालाच्या फायलीत गेला, की पुढच्या वेळी मागच्या बाकावरच्या माणसासाठी घटवून घेतलेला पाठ होईल. प्रश्न आणि उत्तरे आदल्या दिवशीच ठरलेली असतील. ते ओळखायची खूण सोपी: वर्गात एकही चूक होत नाही. म्हणून अहवाल त्या शिक्षकाच्याच हातात द्यावा. मुख्याध्यापकांना दाखवायचा की नाही, ते त्यांनीच ठरवावे.

पंधरा दिवसांनी तेच शिक्षक पुन्हा बसतील तेव्हा एकच गोष्ट मोजावी, मागून आलेली उत्तरे. ती 2 वरून 5 झाली तर तसे लिहावे, 2च राहिली तरी तसेच लिहावे. आणि पुढच्या आठवड्यात आपांनी वही घेऊन त्या शिक्षकांच्या वर्गात जावे.