दादीचा जुमा खोटा ठरवू नका

सध्या जळगाव-धुळ्याकडे घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा ‘काढल्या’ जात आहेत. कारण उघड आहे, कागद हवेत. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लावलेली १ जून असते, आधार कार्डावर दुसरेच काही, आणि दादी म्हणते, “मी रमजानमधली, सत्ताविसाव्या रोज्याची, जुम्याला झाले. नंदुरबारला पोरांवर गोळ्या चालल्या त्याच साली.” मग नातू मोबाइल उघडतो, हिजरी तारीख कन्व्हर्टरमध्ये टाकतो, समोर येते ती इंग्रजी तारीख अर्जावर लिहितो. वार जुळत नाही असे कोणी म्हटलेच तर उत्तर तयार असते: दादीचे वय झाले, तिला काय आठवणार!

माझे म्हणणे नेमके उलट आहे. दादीने सांगितलेल्या गोष्टींत सर्वांत भरवशाचा वारच आहे. तारीख कागदावर असते आणि कागद आपल्या घरांत उशिरा आला. जुमा दर आठवड्याला नमाजीने पक्का होत होता, बाजाराचा दिवसही ठरलेला होता. सात वारांची साखळी हिजरी, शक आणि इंग्रजी या तिन्ही कालगणनांना सामाईक आहे. १५८२ मध्ये पोपने दहा तारखा गाळल्या तेव्हाही गुरुवारनंतर शुक्रवारच आला. खानदेशात तर इंग्रज १८१८ मध्ये आले, तोवर त्यांनी आपली गणना दुरुस्त केलेली होती. म्हणजे आपल्याकडच्या इंग्रजी तारखांना तो प्रश्नही नाही.

आता दादीचेच उदाहरण सोडवू. नंदुरबारचा गोळीबार, ज्यात शिरीषकुमार शहीद झाला, तो ९ सप्टेंबर १९४२ चा. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. साल मिळाले. आता वार.

इंग्रज गणिती जॉन कॉनवे याने १९७३ मध्ये यासाठी एक तोंडी रीत बसवली. तिचे नाव त्याने गमतीने ‘डूम्सडे’, म्हणजे कयामतीचा दिवस, असे ठेवले. (कयामत जुम्याला होईल अशी आपल्याकडे रिवायत आहे. कॉनवेची कयामत दर साली वार बदलते.) रीतीचा गाभा एवढाच की कोणत्याही वर्षात ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर या तारखा एकाच वारी येतात. ९ मे, ५ सप्टेंबर, ११ जुलै, ७ नोव्हेंबर आणि फेब्रुवारीची शेवटची तारीखही त्याच वारी. त्या वर्षाचा हा एक वार कळला की बाकीचे वर्ष बोटांवर येते.

तो वार असा काढायचा. १९०० ते १९९९ या शतकाचा मूळ वार बुधवार. सालाचे शेवटचे दोन आकडे ४२. त्यात बारा किती वेळा जातात? ३ वेळा, उरतात ६. त्या सहात चार जातात १ वेळा. तिन्हींची बेरीज ३ अधिक ६ अधिक १, म्हणजे १०. सात वजा केले की ३. बुधवारच्या पुढे तीन दिवस, शनिवार. म्हणून १९४२ मध्ये ५ सप्टेंबर शनिवार आणि १० ऑक्टोबरही शनिवार. गोळीबाराचा ९ सप्टेंबर हा बुधवार होता. आणि मास्तरांची १ जून? ६ जून शनिवार, म्हणून १ जून सोमवार. त्या दिवशी ना जुमा होता ना रमजान. दाखल्यावरची ती तारीख कोणाच्या आठवणीतून आलेली नाही, हे इथेच समजते.

आता कन्व्हर्टर. तो रमजान १३६१ चा पहिला रोजा १२ सप्टेंबर १९४२, शनिवारी दाखवतो. त्या हिशेबाने सत्ताविसावा रोजा ८ ऑक्टोबरला येतो. १० ऑक्टोबर शनिवार, म्हणजे ८ ला गुरुवार. दादी तर जुमा म्हणते. नातू इथे दादीला खोटे ठरवतो.

पण हा कन्व्हर्टर आकाशाकडे पाहत नाही. तो महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे धरतो आणि ठरलेल्या सालांना एक दिवस जास्त देतो. खरा चंद्र काय करत होता? अमावास्येचा क्षण १० सप्टेंबरच्या रात्रीचा होता. ११ तारखेच्या संध्याकाळी चंद्रकोर पुरत्या एका दिवसाचीही झालेली नव्हती, आणि महिना पावसाळ्याचा. अशी कोर एका गावात दिसेल, दुसऱ्या गावात ढगांआड जाईल. दादीच्या गावात ती १२ च्या संध्याकाळी दिसली असेल तर पहिला रोजा रविवारी, १३ सप्टेंबरला, आणि सत्ताविसावा ९ ऑक्टोबरला. शुक्रवार. दादीच्या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. चूक असेल तर यंत्राच्या गृहीतकात आहे.

मग अर्जावर लगेच ९ ऑक्टोबर लिहायचे का? थांबा, एक प्रश्न उरला आहे: जन्म मगरिबच्या आधी की नंतर? आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. ‘जुम्मे की रात’ म्हणजे गुरुवारची रात्र, आणि ऐकणारा तिची सहज ‘जुमेरात’ करून टाकतो, जो साधा गुरुवार आहे. दादीचा जन्म सत्ताविसाव्या शबला, जुम्याच्या रात्री झाला असेल, तर मध्यरात्रीपूर्वीची इंग्रजी तारीख ८ ऑक्टोबरच निघते. म्हणजे कन्व्हर्टरचाच आकडा, पण निव्वळ योगायोगाने. तिच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत तोच कन्व्हर्टर एक दिवस चुकेल, आणि एकाच घरातले दोन कागद भांडू लागतील.

“मोबाइलच वारही सांगतो, मग हे गणित कशाला?” असे तरुण विचारतात. सांगतो, पण एका तारखेचा. म्हाताऱ्या माणसासमोर बसल्यावर प्रश्न उलटा असतो: वार ठाऊक आहे, तारीख हवी आहे. ती म्हणते, “ईदच्या आधीचा जुमा.” मग म्हणते, “नाही, त्याच्या आधीचा.” वर्षाचा तो एक वार डोक्यात असला की तुम्ही तिच्याकडे पाहत पाहत मागेपुढे सरकू शकता. स्क्रीनवर मान घातलेल्या नातवाला ती दुसरे वाक्य सांगतच नाही.

या रीतीकडून भलते काही मागू नये हेही खरे. चुकीची तारीखही सातातून एकदा वाराला जुळून जाते, म्हणून नुसता वार जुळणे हा पुरावा नव्हे. न जुळणे मात्र शंकेला पुरते. आणि वारच आठवत नसेल तर ही रीत मुकी आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचा जन्म नागपंचमीचा आणि तारीख २४ ऑगस्ट १८८० अशी सगळीकडे छापली जाते. तो दिवस मंगळवार निघतो, पण घरातून आलेली आठवण सणाची आहे, वाराची नाही, त्यामुळे तपासायला काही मिळत नाही. तिथे चंद्रच पाहावा लागतो, आणि त्या दिवशी पौर्णिमा उलटून गेलेली होती. महाराष्ट्रातली नागपंचमी श्रावणाच्या शुद्ध पक्षात असते. गुजरातेत ती वद्यात पाळतात, तो धागा कोणी जाणकाराने पाहावा.

आपल्या दाद्यांना अजून वार आठवतो आहे. तेव्हा अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत: कोणता वार, कोणता रोजा किंवा चाँद, आणि मगरिब झाली होती की नव्हती. कन्व्हर्टर त्यानंतर उघडा.