बिनतारी पॅड, जुनं पोर्ट

सुपर निन्टेंडोला बिनतारी पॅड लावायचा तर पोर्टात ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर खोचायचा आणि पॅडशी जोडी जमवायची; वीज कन्सोलच देतो. पुढचा प्रश्न उशिराचा. अमेरिकी सुपर निन्टेंडोवरचा गेम पॅडकडे साधारणपणे दर फ्रेमला एकदा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बघतो. दोन नजरांमध्ये १६.७ मिलिसेकंद जातात. समजा, बिनतारी जोडणीने ८ मिलिसेकंद वाढवले. तरी मारिओची प्रत्येक उडी उशिरा पडत नाही: जवळजवळ निम्म्या वेळा बटण त्याच फ्रेममध्ये पोचतं, उरलेल्या वेळी पूर्ण एक फ्रेम मागे. हाताला खटकतो तो हा अनियमितपणा. अर्थात, वायरचा पॅडही तितकाच सुस्त वाटला तर दोष टीव्हीचा. आधी त्याचा गेम मोड लावा. पोर्टांचं गणित मात्र रोकडं आहे. असा साधा रिसीव्हर एकच पॅड सांभाळतो, म्हणून दोघांना दोन लागतात. ईएसपी३२ चिपवरचा ब्लूरेट्रो अनेक पॅड घेतो, पण दुसऱ्या खेळाडूसाठी त्याचीही तार दुसऱ्या पोर्टात जायलाच हवी. एकटेच खेळत असाल, तर साधा रिसीव्हर पुरे.