व्हेल हलला म्हणून तुम्ही का विकता?

मंडळी, आपल्याकडच्या क्रिप्टो ग्रुपांवर एक स्क्रीनशॉट सारखा फिरतो. मोठ्या वॉलेटमधून इतके हजार बिटकॉइन हलले, बाजार पडणार, विका! स्क्रीनशॉट बहुतेकदा खरा असतो. त्यातून काढलेला अर्थ मात्र हवेतला.

२८ मे २०२४ चंच बघा. जपानमधल्या दिवाळखोर माउंट गॉक्स एक्स्चेंजचे सुमारे १ लाख ४० हजार बिटकॉइन पाच वर्षांत पहिल्यांदाच हलले. ७० हजार डॉलरच्या आसपासचा भाव त्याच दिवशी ६८ हजारांखाली घसरला. प्रत्यक्षात काय झालं होतं? विश्वस्ताने नाणी आपल्याच ताब्यातल्या नव्या पत्त्यावर नेली होती. विक्री नव्हतीच, ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना ते परत द्यायची तयारी होती. वाटप सुरू झालं थेट जुलैत.

मेख इथेच आहे. ब्लॉकचेन एवढंच सांगते की या पत्त्यावरून त्या पत्त्यावर इतकी नाणी गेली. पत्ता कुणाचा, हे लेबल खाजगी कंपन्या बऱ्याचदा अंदाजाने लावतात. नाणी का गेली, हे तर कुठेच लिहिलेलं नसतं.

बरं, नाणी खरोखर एक्स्चेंजवर गेली तरी? ती विकायला गेली असतील, नाहीतर कर्जासाठी तारण म्हणून. एक्स्चेंज स्वतःचीच नाणी एका वॉलेटमधून दुसऱ्यात टाकतं, आणि लेबल चुकलेलं असेल तर तीही नवी आवक म्हणून मोजली जाते. प्रत्यक्ष विक्री एक्स्चेंजच्या आतल्या हिशेबात होते, ती साखळीवर दिसत नाही. आणि मोठे व्यवहार तर कित्येकदा एक्स्चेंजबाहेर परस्पर उरकले जातात!

"पण जर्मनीच्या वेळी इशारा खरा ठरला की!" असं कुणीतरी म्हणेलच. ठरला. जून-जुलै २०२४ मध्ये सॅक्सनी राज्याने जप्त केलेले जवळपास ५० हजार बिटकॉइन विकले. मालक माहीत होता, नाणी एक्स्चेंजकडे जाताना रोज दिसत होती. तरी ५ जुलैला भाव ५४ हजारांखाली असताना जे घाबरून बाहेर पडले, त्यांनी महिनाअखेरीस तोच भाव ६५ हजारांच्या वर पाहिला. म्हणजे कोण विकतंय हे कळलं, तरी भाव कुठे थांबणार हे कळत नाही.

म्हणून पुढचा स्क्रीनशॉट आला की ॲडमिनला तीन प्रश्न विचारा. घेणारा पत्ता एक्स्चेंजचाच आहे हे कशावरून? पाठवणारा आणि घेणारा एकच तर नाही ना? आणि त्याच दिवशी तिथून बाहेर किती गेली? नुसती आवक म्हणजे अर्धा हिशेब.

उत्तर नसेल तर विकू नका. तोटा झाला तर आपल्या कायद्यात तो दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि नफ्यावर ३० टक्के कर आहेच. ॲडमिनचं काय जातंय? त्याची फी आधीच जमा झालीय.