भट्टीची धग आणि रिकामा पाळणा

निकाहाला वर्ष-दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरातली सगळी बोटे सुनेकडे वळतात. तिच्या सोनोग्राफ्या होतात, तिला दवा-दुआ सांगितली जाते, तिच्या माहेरच्यांना टोमणे ऐकावे लागतात. मुलाची तपासणी मात्र शेवटी होते, पुष्कळदा होतच नाही. मुरबाडच्या एका जोडप्याची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत. नाव-गाव लिहीत नाही. त्यांना आपण बेकरीवाले भाऊ म्हणू.

हे भाऊ 31 वर्षांचे. रात्री दोनला उठायचे आणि सकाळी दहापर्यंत लाकडाच्या भट्टीच्या तोंडाशी उभे राहून पाव, खारी, नानकटाई काढायचे. अंगात घट्ट जीन्स, आत आवळ चड्डी. तीन वर्षांत बायकोच्या नळ्या, पाळी, हार्मोन असे सगळे तपासून झाले. सगळे ठीक निघाले. भाऊंच्या अम्मी दुसऱ्या निकाहाची गोष्ट काढू लागल्या, तेव्हा कुठे भाऊ तपासणीला तयार झाले.

उष्णतेचा आणि शुक्राणूंचा संबंध काय, हे आधी समजून घेऊ. वृषण पोटाच्या बाहेर, पिशवीत लोंबते ठेवलेले असतात, याला कारण आहे. शुक्राणू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. उकाड्यात ही पिशवी सैल होऊन खाली येते, थंडीत आक्रसून वर जाते. शिवाय वृषणाकडे जाणाऱ्या धमनीभोवती शिरांचे जाळे असते. परतणारे थंड रक्त येणाऱ्या गरम रक्ताची ऊब काढून घेते. ही व्यवस्था बिघडली, की शुक्राणूंची संख्या घटते, त्यांची हालचाल मंदावते आणि आकारही बिघडू शकतो.

बेकरीची भट्टी, वीटभट्टी, कारखान्यातली भट्टी, गरम इंजिनाजवळ तासन्‌तास बसून चालवलेला ट्रक, मांडीवर ठेवलेला लॅपटॉप या सगळ्यांनी ती व्यवस्था ताणली जाते. इटलीत मातीची भांडी भाजणाऱ्या भट्टीवरच्या कामगारांचा अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. त्यातही दीर्घकाळ धगीत राहणाऱ्यांना मूल होण्यास जास्त वेळ लागल्याचे दिसले.

घट्ट कपडे याच वाटेने त्रास देतात, कारण पिशवी अंगाला चिकटून राहते आणि खाली उतरू शकत नाही. अमेरिकेत 656 पुरुषांचा एक अभ्यास 2018 मध्ये आला. सैल चड्डी घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचे प्रमाण सरासरी 25 टक्के जास्त आढळले. पण चड्डी बदलली आणि मूल झाले, इतके हे सोपे नाही. ज्याची संख्या भरपूर आहे त्याला घट्ट कपड्याने फारसे बिघडणार नाही. ज्याची मुळातच काठावर आहे त्याला मात्र फरक पडतो.

भाऊंच्या पहिल्या तपासणीत एका मिलिलिटरमध्ये 90 लाख शुक्राणू निघाले आणि हालचाल करणारे 28 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मापानुसार खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आणि 42 टक्के आहे. एका तपासणीवर निर्णय करू नये, म्हणून काही आठवड्यांनी दुसरी झाली. तीही जवळपास तशीच निघाली.

या तपासणीत बऱ्याच चुका होतात. नमुना देण्यापूर्वी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नसावा. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे आणि वाटेत फार गार किंवा फार गरम होता कामा नये. मुरबाडच्या खेड्यातून कल्याणला जाता-जाता हा तास सरतो, म्हणून लॅबमध्येच खोलीची सोय असेल तर तिथेच द्यावा. पुष्कळ भावांना हाताने नमुना देणे धर्माच्या दृष्टीने खटकते. त्यांनी संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. पत्नीसोबतच्या संबंधात वापरायचा, औषध नसलेला खास कंडोम मिळतो. बाजारातला साधा कंडोम चालत नाही, त्यातल्या द्रवाने शुक्राणू मरतात आणि अहवाल खोटा येतो.

दुसऱ्या अहवालानंतर डॉक्टरांनी भाऊंना उभे करून हाताने तपासले आणि श्वास रोखून जोर लावायला सांगितले. डाव्या बाजूला गांडुळांच्या पुंजक्यासारख्या फुगलेल्या शिरा हाताला लागल्या. याला व्हेरिकोसील म्हणतात. पायाच्या शिरा फुगतात तसाच हा प्रकार. शिरेतल्या झडपा नीट मिटत नाहीत, मग पोटातले गरम रक्त उलटे खाली साचते आणि वृषण आतूनच तापत राहतात. डावी शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून हे बहुधा डावीकडेच होते. भाऊंना दिवस संपता संपता तिथे जडपणा वाटायचा आणि आडवे झाल्यावर तो जायचा. उभे राहण्याने असेल, असे समजून त्यांनी तो कधी कुणाला सांगितला नव्हता.

साधारण शंभरात पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असते आणि त्यातल्या बहुतेकांना मुले होतात. म्हणून दिसले की कापले, असे करू नये. हाताला लागणारे व्हेरिकोसील, बिघडलेला अहवाल आणि मूल न होणे या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच ऑपरेशनचा विचार करतात. नुसत्या सोनोग्राफीत दिसलेल्या, हाताला न लागणाऱ्या शिरांसाठी ऑपरेशनचा फायदा सिद्ध झालेला नाही.

भाऊंनी आधी कामाची पद्धत बदलली. भट्टीचे तोंड सहकाऱ्याबरोबर आळीपाळीने घेतले, अधूनमधून बाहेर वाऱ्यावर गेले, जीन्स सोडून सुती पायजमा घातला. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणून आठवड्याने पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. तीन महिन्यांनी आकडा 1 कोटी 20 लाखांवर गेला, हालचाल 34 टक्के झाली. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती. मग सूक्ष्मदर्शकाखाली शिरा बांधण्याचे ऑपरेशन झाले. या पद्धतीत पाणी साचण्याचा आणि शिरा परत फुगण्याचा धोका कमी असतो. सहा महिन्यांनी आकडा 2 कोटी 10 लाख आणि हालचाल 45 टक्के आली. त्याच वर्षाअखेरीस सूनबाईंना दिवस राहिले.

प्रत्येकाचे असेच होईल, असे आम्ही म्हणणार नाही. अहवाल सुधारूनही काहींना गर्भ राहत नाही. वीर्यात शुक्राणू मुळीच नसतील तर नुसत्या उष्णतेला दोष देऊन थांबू नये, हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी लागते. शिरा फक्त उजवीकडे फुगल्या असतील, अचानक फुगल्या असतील किंवा आडवे झाल्यावरही ओसरत नसतील, तर पोटाची सोनोग्राफी ताबडतोब करावी, कारण आत गाठ दबाव देत असण्याची शक्यता असते.

वर्षभर प्रयत्न करून मूल राहिले नाही, किंवा पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांनी एकाच वेळी तपासणी करावी. मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवायचे असेल, तर मुरबाड-शहापूरच्या सरकारी रुग्णालयातून मुंबईच्या केईएम किंवा जेजे रुग्णालयासाठी चिठ्ठी मागावी.

बेकरीवाले भाऊ आता मुलीच्या बापाच्या भूमिकेत आहेत. त्यांच्या अम्मींनी सुनेची माफी मागितली, हे त्यांनी आम्हाला आवर्जून कळवायला सांगितले. बायकोला तीन वर्षे जे सोसावे लागले, ते पहिल्याच महिन्यात आपण एक डबी लॅबमध्ये दिली असती तर टळले असते, असे ते म्हणतात.