बाबासाहेबांचं म्हणणं आळवू नका, मांडून दाखवा



जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती कामकऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांचं म्हणणं आपल्या प्रत्येक सभेत येतं. टाळ्या पडतात. मग मागच्या रांगेतला एखादा शिकलेला गृहस्थ उठतो आणि गोड आवाजात विचारतो, "पण काय हो, कामं तर प्रत्येक समाजात वाटावीच लागतात ना?" त्यावर आपण काय करतो? तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणतो. गृहस्थ हसून खाली बसतो. आपल्याला वाटतं जिंकलो. जिंकलो कसले? त्यानं युक्तिवाद केला आणि आपण आरती म्हटली.

बाबासाहेबांनी आरत्या लिहिल्या नाहीत. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण. मंडळानं सभाच रद्द केली, म्हणून १९३६ साली बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यातला चौथा भाग अवघा पान-दीड पानाचा आहे. तो घ्या, शेजारी कोरा कागद घ्या आणि त्याची हाडं मोकळी करा. म्हणजे एका ओळीत एकच विधान, प्रत्येक विधानाला आकडा, आणि शेवटी निष्कर्ष कोणत्या आकड्यांवरून निघाला ते. पुस्तकी भाषेत यांना आधारविधानं आणि निष्कर्ष म्हणतात.

काही मित्र म्हणतात, ही भटी तर्काची चैन आहे, आपल्याला आग पाहिजे. तर्क भटांच्या बापाचा आहे हे त्यांना कुणी सांगितलं? या देशात अनुमानाचं शास्त्र ज्यांनी घासूनपुसून धारदार केलं ते दिङ्नाग आणि धर्मकीर्ती बौद्ध होते. आपलीच हत्यारं दुसऱ्याच्या घरची समजून टाकून द्यायची, यालाच गुलामी म्हणतात.

आता कामाला लागू. आधी समोरच्याचं म्हणणं लिहायचं, आणि ते त्याला स्वतःला मान्य होईल असं लिहायचं. "बामण म्हणतो आम्ही नीच" असं लिहिलंत तर तो म्हणेल, मी असं म्हटलंच नाही, आणि तो सुटेल. तो म्हणतो ते असं:

१. सुधारलेल्या समाजाला कामाची विभागणी लागतेच.
२. जातिव्यवस्था हे कामाच्या विभागणीचंच दुसरं नाव आहे.
३. म्हणून सुधारलेल्या समाजाला जातिव्यवस्था लागतेच. (१ आणि २ वरून)

यावर दोन प्रश्न विचारायचे, आणि वेगवेगळे विचारायचे. पहिला प्रश्न: वरची दोन्ही खरी धरली तर तिसरं निघतंच का? दुसरा प्रश्न: वरची दोन्ही खरी आहेत का? आपण नेहमी दोन्ही प्रश्नांची खिचडी करतो. निष्कर्षाचा राग येतो म्हणून आपण सगळ्यावरच ओरडतो.

इथं पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'होय' आहे. युक्तिवाद वैध आहे. विधान १ तर बाबासाहेबसुद्धा नाकारत नाहीत. मग उरतो फक्त आकडा २. सगळी लढाई त्या एका ओळीवर आहे, हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

पण गृहस्थ हुशार असतो. २ वर पकडला की तो हळूच शब्द बदलतो. "दुसरं नाव असं नाही हो, जात ही कामाच्या विभागणीची एक तऱ्हा आहे." हे ऐकायला निरुपद्रवी वाटतं. हा बदललेला २ कागदावर लिहा आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारा. आता ३ निघतं का? याच साच्यात दुसरं काही घालून बघा. माणसाला जगायला पाणी लागतं. गटाराचं पाणी ही पाण्याचीच एक तऱ्हा आहे. म्हणून माणसाला जगायला गटाराचं पाणी लागतं! कुणी मानेल? म्हणजे त्याची कोंडी झाली. २ कडक ठेवला तर निष्कर्ष निघतो, पण २ खोटा आहे. २ सैल केला तर तो खरा वाटतो, पण निष्कर्ष निघत नाही. 'विभागणी' हा एकच शब्द तो दोन मापांनी वापरतो आणि मधल्या मध्ये माल मारतो.

कडक २ खोटा का, हे बाबासाहेब सांगतात. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडतो:

१. जातिव्यवस्थेत कामं करणारी माणसंच बंद कप्प्यांत टाकलेली आहेत आणि ते कप्पे एकावर एक रचलेले आहेत.
२. नुसत्या कामाच्या विभागणीत माणसं अशी कप्प्यांत टाकलेली आणि रचलेली नसतात.
३. म्हणून जातिव्यवस्था म्हणजे नुसती कामाची विभागणी नव्हे. (१ आणि २ वरून)

मुंबईच्या गिरण्या आठवा. सूत काढायचं खातं वेगळं, कापड विणायचं खातं वेगळं. ही झाली कामाची विभागणी, ती यंत्रानं पाडलेली. पण विणकाम खात्यात मागावर अस्पृश्य कामगाराला उभं राहू देत नव्हते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि त्याची थुंकी लागलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावणार नाही म्हणून! मजुरी विणकामात जास्त होती. ही विभागणी कुठल्या यंत्रानं पाडली? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला: सगळी खाती आमच्या माणसांना मोकळी करा, नाहीतर ती संपात येणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुशीनं ती मागणी यादीत घेतली. हा दाखला विधान १ चा पुरावा आहे. पुरावा विधानाच्या बाजूला लिहायचा, विधान म्हणून नाही. नाहीतर समोरचा म्हणतो, आता तसा धोटा कुठाय, आणि आपल्याला वाटतं सगळा युक्तिवादच पडला. पडला फक्त एक दाखला.

आता माझ्या वरच्या मांडणीतला विधान १ पुन्हा वाचा. त्यात दोन गोष्टी एकत्र शिवल्यात. कप्पे बंद आहेत ही एक, आणि कप्पे उतरंडीत आहेत ही दुसरी. दोन दावे एका आकड्यात राहिले तर समोरचा एक उसवतो आणि दोन्ही फाटले म्हणून सांगतो. म्हणून फोडा: १क, कप्पे बंद आहेत. १ख, कप्पे वरखाली आहेत. विधान २ मध्येही तशीच फोड करा.

हे केल्याशिवाय गांधींचं उत्तर कळत नाही. १९३६ च्या जुलैत त्यांनी 'हरिजन'मध्ये बाबासाहेबांना उत्तर दिलं. इथंही प्रामाणिकपणे लिहायचं: गांधींनी तिथं जातीला घातकच म्हटलं. त्यांनी राखला तो वर्ण. वर्ण म्हणजे ज्यानं त्यानं वाडवडिलांचा धंदा करून पोट भरावं, आणि भंग्याचं व ब्राह्मणाचं काम सारख्याच मोलाचं. आपले लोक यावर चिडतात, शिव्या देतात. चिडण्याआधी विचारा, हे कोणत्या आकड्याला लागलं? 'सारखं मोल' हे १ख ला लागलं. बरं, चला, वादापुरता १ख खोडून टाकू. 'जात'च्या जागी 'वर्ण' घालू. ३ अजून निघतो का? निघतो! कारण १क शिल्लक आहे, आणि तो आपण म्हणत नाही, गांधीच म्हणतात: वाडवडिलांचा धंदा. कप्पा बंद तो बंदच, मग त्याच्यावर कितीही मानाची पाटी लावा. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते बरोबर इथंच. धंदा अंगच्या गुणांना जुळत नसेल तर? त्यात पोटच भरत नसेल तर? आणि बनियाच्या घरात जन्मून वकिली करणाऱ्यानं हा नियम स्वतः तरी पाळला का?

आता त्याच भागातला बेकारीचा युक्तिवाद घ्या. यात एक ओळ न बोललेली आहे. ती शोधून कंसात लिहायची.

१. धंदे स्थिर राहत नाहीत, ते बदलतात आणि बुडतात.
२. जात माणसाला त्याचा नेमलेला धंदा सोडून दुसरा करू देत नाही.
३. (नेमलेला धंदा बुडाला आणि दुसरा करता येत नसेल तर माणूस बेकार होतो.)
४. म्हणून जात बेकारी निर्माण करते. (१, २ आणि ३ वरून)

निष्कर्षसुद्धा मापातच लिहा. जातीमुळं बेकारी येते एवढंच इथं निघतं. सगळी बेकारी जातीमुळंच येते, असं नाही. तसं लिहिलंत तर ते बाबासाहेबांचं राहत नाही, आपल्या पदरचं होतं.

आज या युक्तिवादावर घाव येतो तो आकडा २ वर. "आता कोण अडवतंय? कुणीही काहीही करावं." याला घोषणा चालत नाही, पुरावा लागतो, आणि कोणता पुरावा लागतो ते तो आकडाच सांगतो. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ ला दुसरा करावा लागला. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख रुपये द्या म्हणून सांगितलं. पण एवढ्यानं २ सिद्ध होत नाही. काम चालू आहे एवढंच सिद्ध होतं. २ साठी मोजायला पाहिजे की आपल्या वॉर्डात झाकण उघडून आत उतरतात ते कोण, त्यांचे बाप काय करत होते, आणि त्यांच्यातल्या ज्यांनी दुसरं काम मागितलं त्यांना काय उत्तर मिळालं. ही तिसरी गोष्टच आपण कधी विचारत नाही, आणि विधान २ तिच्यावरच उभं आहे. अडवणं दिसतं ते तिथं.

तेव्हा यापुढं कुणी बाबासाहेबांचं वाक्य म्हटलं की टाळ्या वाजवण्याआधी विचारा: हा निष्कर्ष आहे का आधार? आधार असेल तर आकडा कितवा? कशावरून खरा? आणि मागच्या रांगेतला गृहस्थ उठला की त्याच्या हातात खडू द्या, त्याचे तीन आकडे त्यालाच फळ्यावर लिहू द्या. त्याच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, 'दुसरं नाव' म्हणता का 'एक तऱ्हा'? त्यातलं एक त्याला निवडावंच लागेल.