हात लिहितो तेव्हाच आवाज हवा



टॅबवर स्टायलसने गणित लिहायचं, स्क्रीन रेकॉर्ड करायची आणि तो व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा, हे आता आपल्यापैकी बरेच जण करतात. त्यात दोन पद्धती दिसतात. काही जण लिहिता लिहिता बोलतात. काही जण आधी शांतपणे, छान अक्षरात लिहून घेतात आणि आवाज नंतर चढवतात. दुसरी पद्धत दिसायला नीटनेटकी असते. तरीही प्राथमिकच्या मुलांसाठी ती वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते एका हातच्याच्या वजाबाकीवरून सांगते.

५२ वजा २७ हे उदाहरण घ्या. यात अडणारी मुलं बहुतेक एकच चूक करतात. दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन वजा करतात आणि उत्तर ३५ लिहितात. म्हणजे अख्ख्या उदाहरणात कळीचा क्षण एकच आहे: पाचावर काट मारून वर चार लिहितो तो. त्या क्षणी मुलाच्या कानावर पडायला हवं की पाच दशकांतला एक दशक सुटा केला, आता चार दशक उरले. आवाज नंतर चढवला की नेमकी इथेच गडबड होते. बोलणारा पूर्ण झालेलं गणित पाहत असतो, त्यामुळे तो उत्तराकडे धावतो. काट आधी पडून जाते आणि कारण पाच-सहा सेकंदांनी येतं. मोठ्या माणसाला ते जोडून घेता येतं. आठ वर्षांच्या मुलाला पाचाचा चार अचानक झालेला दिसतो, आणि मग ते फक्त काट मारायला शिकतं.

मराठीत बोलणाऱ्याला आणखी एक अडचण आहे. आपण ‘बावन्न’ म्हणतो तेव्हा आधी दोन ऐकू येतात आणि मग पन्नास. हात मात्र आधी ५ लिहितो, मग २. सत्तावीस, पंचवीस यांचंही तेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची पर्यायी रीत आली, तेव्हा त्यावरून केवढा वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण रेकॉर्डिंग करताना ही उलटसुलट सांभाळावीच लागते, कारण व्हिडिओत कान आणि डोळे एकाच वेळी कामाला लागलेले असतात. वर्गात मूल गोंधळलं तर त्याचा चेहरा दिसतो. व्हिडिओत दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. वर द आणि ए लिहायचं. ‘पाच दशक’ म्हणताना ५, ‘दोन सुटे’ म्हणताना २. मग पेन उचलायचं आणि पूर्ण संख्या वाचायची, बावन्न. तसंच २७ चं. आता विचारायचं, ‘दोन सुट्यांतून सात सुटे काढता येतील का?’ इथे पेन आणि तोंड दोन्ही तीन सेकंद थांबवायचे. ही शांतता एडिटिंगमध्ये कापू नका, मूल तेवढ्यातच विचार करतं. मग दुसऱ्या रंगाने पाचावर काट, वर ४, आणि त्याच वाक्यात ‘एक दशक सुटा केला’. दहा सुटे आणि आधीचे दोन मिळून दोनाच्या वर १२. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. उत्तर पंचवीस. शेवटी २५ आणि २७ मिळवून ५२ येतात हे दाखवलं की झालं. एवढ्याला तीन मिनिटं पुरतात. एका व्हिडिओत एकच उदाहरण असावं.

लिहिताना चुकून काही वेडंवाकडं झालं तर मागे घेण्याचं बटण दाबू नका. अक्षर एकदम गायब झालं की मुलाला काय झालं ते कळत नाही. काट मारा आणि तोंडाने सांगा. वहीतही आपण तेच करतो.

आता यंत्राचं. अँड्रॉइड ११ पासून स्क्रीन रेकॉर्डर टॅबमध्येच असतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. तो सुरू होताना आवाज कुठला घ्यायचा ते विचारतो. तिथे Device audio निवडलं तर टॅबमधले आवाज येतात, आपला येत नाही. आपल्याला Microphone हवं. आयपॅडवर कंट्रोल सेंटरमधलं रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरल्यावर माइक चालू करायची सोय दिसते. दहा सेकंदांची चाचणी घेऊन ऐकावी. लिहिण्याच्या काही अ‍ॅपमध्ये आवाज नोंदवायची स्वतःची सोय असते, पण ती नोंद त्या अ‍ॅपमध्येच नीट चालते, पालकांच्या मोबाइलवर नाही. म्हणून स्क्रीनच रेकॉर्ड करावी, आणि त्या वेळी अ‍ॅपमधली नोंद बंद ठेवावी, नाहीतर दोघांची माइकसाठी ओढाताण होते.

टॅबचा माइक त्याच काचेशेजारी असतो, त्यामुळे स्टायलसची टकटक बोलण्यापेक्षा मोठी ऐकू येते. वायरचा साधा इअरफोन लावून त्याचा माइक कॉलरजवळ ठेवला की ती बरीच कमी होते. रेकॉर्डिंगआधी सूचना बंद करायला विसरू नका. एखाद्या पालकाचा खाजगी निरोप स्क्रीनवर आला तर तो सगळ्या ग्रुपला दिसेल.

शेवटचा मुद्दा आकाराचा. आमच्या दिंडोरी भागात ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत आईवडील दिवसभर द्राक्षबागेत असतात. मोबाइल मुलाच्या हाती येतो तो रात्री, आणि ते बहुधा तो उभाच धरतं. दहा इंची टॅब आडवा धरला तर रुंदी साधारण बावीस सेंटिमीटर असते, उभ्या मोबाइलची सात. म्हणजे सगळं एक तृतीयांश होतं. टॅबवर एक सेंटिमीटरचा आकडा तिथे जेमतेम तीन मिलिमीटरचा दिसतो, आणि काटेवर लिहिलेला छोटा चार तर दिसतच नाही. टॅबही उभा धरून लिहिलं तर आकार निम्मा राहतो. आकडे तीन सेंटिमीटर उंच, पेन जाड. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक रेषा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, मात्र डेटा जास्त लागतो. म्हणून जाड पेन हाच खरा उपाय.

काही जण म्हणतील, लिहिता लिहिता बोलताना अडखळायला होतं, चेहराही दिसत नाही, मग व्हिडिओ कच्चा वाटतो. खान अकॅडमीच्या सल खान यांनी नात्यातल्या बहिणीला गणित शिकवता शिकवता २००६ पासून जे व्हिडिओ टाकले, त्यात काळी पाटी, रंगीत अक्षर आणि आवाज एवढंच होतं. चेहरा नव्हता. मुलाने पाहायची असते ती पेनाची टोक.

व्हिडिओ जमला की नाही, हे पाहिलं किती जणांनी यावरून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी वहीत ६१ वजा ३८ द्या आणि मुलाला काट मारताना मोठ्याने बोलायला सांगा. २३ उत्तर आलं पण काट मारताना मूल गप्प राहिलं, तर तो व्हिडिओ पुन्हा करावा.